आम्ही की आपण? इंग्रजीत सूचना लिहायला बसलेल्यांसाठी

गोव्यात मराठी लिहिणाऱ्या माणसाच्या गळ्यात एक काम आपोआप पडतं: मराठीत ठरलेलं इंग्रजीत उतरवून देणं. सोसायटीची सूचना असो, देवस्थानच्या जत्रेचं पत्रक असो, घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देणाऱ्या शेजारणीचा निरोप असो, वाचणारा दिल्लीचा, केरळचा नाहीतर थेट रशियाचा असतो. मग "तुझं इंग्रजी चांगलं आहे, जरा लिहून दे ना" असं म्हणून कागद आपल्यासमोर येतो. स्पेलिंग, व्याकरण यांची भीती सगळ्यांनाच असते. पण अशा कागदांत गोंधळ होतो तो बहुतेक वेळा दोन अक्षरी 'वी'मुळे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत दोन्हींसाठी एकच. कागद लिहिणाऱ्याला दोन दिसत असतात, वाचणाऱ्याच्या हातात एक पडतो.

फरक सगळ्यांना माहीत आहे, म्हणून एका वाक्यात सांगतो. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझ्या बाजूचे, ऐकणारा सोडून. 'आपण' म्हणजे मी, आणि ऐकणारासुद्धा. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत असलेल्या मित्राला तुम्ही "आम्ही चोडणला जातोय" म्हणालात तर तो "जाऊन या" म्हणेल. "आपण चोडणला जातोय" म्हणालात तर तो विचारेल, "मला कधी सांगितलंस?" इंग्रजीत दोन्ही वेळा "वी आर गोइंग टु चोडण". तो बोटीत चढायचं की नाही ते तुमच्या तोंडाकडे बघून ठरवेल.

समोरासमोर बोलताना हे चालून जातं. कागदावर तोंड नसतं. म्हणून खालच्या पायऱ्या कागदासाठी आहेत.

आधी मराठीतला 'आपण' सोलून काढा

इंग्रजीकडे वळायच्या आधी मूळ मराठी कागद घ्या आणि त्यातले सगळे 'आम्ही, आमचा, आम्हाला' आणि 'आपण, आपला, आपल्याला, आपणास' पेन्सिलीने गोल करा. 'आम्ही' फारसा त्रास देत नाही. त्रास देतो 'आपण', कारण तो एकटा चार कामं करतो.

एक काम वर सांगितलं ते: तुम्ही-आम्ही मिळून. दुसरं काम आदराचं. "आपण कधी आलात?" यातला 'आपण' म्हणजे 'तुम्ही'च, जरा झुकून म्हटलेला. तिसरं काम स्वतःचं. "ज्याने त्याने आपली चप्पल बाहेर काढावी" यात 'आपली' म्हणजे ज्याची त्याची. आणि चौथं काम कट्ट्यावरचं: "आपण नाही बुवा घाबरत कुणाला," "आपल्याला नाही जमत ते ऑफिस-बिफिस." इथे 'आपण' म्हणजे सरळ 'मी'. सूचनेच्या कागदात हे चौथं सहसा येत नाही, पण कुणी फोनवर तोंडी निरोप सांगत असेल तर येऊ शकतं. ते जसंच्या तसं 'वी' करून लिहिलंत तर एका माणसाची उगाच टोळी होते.

पहिल्या दोन कामांतला फरक क्रियापदाच्या शेपटीवर कळतो. 'आपण जातो, आपण गेलो, आपण जाऊ' अशी शेपटी 'आम्ही'सारखी असेल तर तो सगळ्यांना धरणारा 'आपण'. 'आपण जाता, आपण गेलात, आपण जाल' अशी 'तुम्ही'सारखी असेल तर तो आदराचा. इंग्रजीत पहिल्याचा 'वी' होतो, दुसऱ्याचा 'यू'. इतकं सोपं.

फक्त मराठी क्रियापद नेहमी शेपूट दाखवतंच असं नाही. तीन जागा लक्षात ठेवा. भूतकाळात कर्म आलं की क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, कर्माकडे बघतं. "आपण गेल्या महिन्यात पैसे भरले." कोणी भरले? आपण सगळ्यांनी मिळून की तुम्ही साहेबांनी? वाक्य सांगत नाही. ('भरलेत' असं शेवटी 'त' लावून लिहिलं असेल तर तुम्ही. पण लिहिणारे तो 'त' हमखास गाळतात.) दुसरी जागा 'आपल्याला'ची: "आपल्याला अर्ज करायचा आहे." हेही दोन्ही होतं. 'आपणास' असेल तर बहुधा आदराचं, कारण सरकारी पत्रं सोडून कोणी तो शब्द वापरत नाही. तिसरी जागा नकाराची आणि अर्धवट सोडलेल्या वाक्यांची: "आपण येत नाही," "आपण उद्या येणार?" 'आहोत' की 'आहात' हे गिळलेलं असतं.

अशा ठिकाणी एक साधी चाचणी करा. 'आपण'च्या जागी एकदा 'तुम्ही' घालून वाचा आणि एकदा 'आपण सगळे' घालून वाचा. एक वाचन कागदाच्या बाकी मजकुराशी जुळतं, दुसरं खटकतं. दोन्ही जुळत असतील तर थांबा आणि ज्याने मराठी लिहिलं त्याला फोन करा. हा कंटाळा करू नका. तिथे अंदाजाने लिहिलेलं इंग्रजी पुढे कुणाच्या तरी पैशाशी नाहीतर वेळेशी गाठ घालतं.

जाता जाता एक खूण गोव्यापुरती. "जाऊया, करूया, बसूया" हे 'या'वालं रूप मराठीत 'आपण'बरोबरच जातं. "आपण जाऊया" बरोबर, "आम्ही जाऊ" बरोबर, "आम्ही जाऊया" हे मात्र मराठी कानाला टोचतं, कारण 'ऊया' म्हणजेच ऐकणाऱ्याला सोबत घेणं आणि 'आम्ही' त्याला बाहेर ठेवतो. कोंकणीत असं नाही. "आमी वचूंया" हे कोंकणीत स्वच्छ वाक्य आहे, तिथे 'आमी' दोन्हीकडे चालतो. त्यामुळे घरात कोंकणी आणि शाळेत मराठी असलेल्या माणसाने मूळ सूचना लिहिली असेल तर त्याच्या 'आम्ही'वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्याच्या मनात 'आमी' असेल आणि त्यात तुम्हीही असाल. शेपटीला 'या' दिसला की तो 'आपण' आहे असंच धरा, आधी काहीही लिहिलेलं असो.

मग प्रत्येकाच्या डोक्यावर नाव लिहा

गोल केलेल्या प्रत्येक शब्दावर बारीक अक्षरात लिहा: कोण? "कमिटी", "सगळे फ्लॅटवाले", "वाचणारा", "मी आणि बायको", जे असेल ते. 'आम्ही' असं लिहून सोडू नका, माणसं लिहा. पुढे इंग्रजीत उपयोगी पडतात ती ही नावंच.

उदाहरण घेऊ. फोंड्यातल्या एखाद्या इमारतीतली ही सूचना समजा. मे महिना आहे, पावसाआधी टाकी धुवून घ्यायची आहे, आणि निम्मे भाडेकरू मराठी न वाचणारे आहेत.

"आपल्या इमारतीची पाण्याची टाकी रविवारी साफ करायची आहे. आम्ही त्यासाठी माणसांशी बोललो आहोत. आपण शनिवारी रात्री घरात पाणी भरून ठेवावे. टँकर मागवावा लागला तर त्याचा खर्च आपण करू. काही अडचण असल्यास आम्हाला कळवावे. काम संपल्यावर आपण सर्वजण गच्चीवर जमूया."

मराठी वाचणाऱ्याला यात कुठेच अडखळायला होत नाही. आता घाईत केलेलं इंग्रजी बघा. "वी हॅव टु क्लीन द टँक ऑन संडे. वी हॅव स्पोकन टु द वर्कर्स. प्लीज स्टोअर वॉटर ऑन सॅटर्डे नाइट. इफ अ टँकर इज नीडेड, वी विल पे. इफ देअर इज एनी प्रॉब्लेम, टेल अस. आफ्टर द वर्क वी विल मीट ऑन द टेरेस." व्याकरणात एकही चूक नाही. शाळेत दहापैकी दहा.

पण तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू हे कसं वाचेल ते बघा. खाली सही कमिटीची आहे. कामगारांशी बोलले ते कमिटीवाले, हे उघड आहे. म्हणजे या कागदातला 'वी' कमिटी, असं त्याने दुसऱ्याच वाक्यात ठरवून टाकलं. इंग्रजी वाचणारा एकदा 'वी' कोण ते ठरवतो आणि पुढे तोच धरून चालतो, प्रत्येक वाक्याला नव्याने विचार करत नाही. त्यात चौथ्या वाक्याआधी त्याला 'प्लीज स्टोअर' म्हणून वेगळं काढलेलं. तो 'यू', ते 'वी', अशी भिंत उभी राहिली. मग "वी विल पे" म्हणजे टँकरचे पैसे कमिटी देणार. उत्तम. आणि "वी विल मीट ऑन द टेरेस" म्हणजे कमिटीची गच्चीवर मीटिंग, आपल्याला काय त्याचं. रविवारी ओपाहून येणारं नळाचं पाणी बंद पडलं, टँकर आला, आणि सोमवारी त्याच्या दारावर त्याच्या वाट्याची पावती चिकटवली की तो कागद घेऊन सेक्रेटरीच्या दारात उभा राहील. आणि कागदाप्रमाणे बरोबर तोच असेल.

मूळ मराठीत "खर्च आपण करू" होतं. "खर्च आम्ही करू" असतं तर कमिटी देणार होती. मराठीत सगळा व्यवहार एका शब्दात उरकला होता, तोच शब्द इंग्रजीत जाताना गळला.

आता नावं लिहिलेला कागद घ्या. पहिल्या वाक्यातला 'आपल्या': सगळे फ्लॅटवाले. दुसऱ्यातला 'आम्ही': कमिटी. तिसऱ्यातला 'आपण', पुढे 'ठेवावे': वाचणारा, आदराने. चौथ्यातला 'आपण', पुढे 'करू': सगळे फ्लॅटवाले, कमिटीसकट. पाचव्यातला 'आम्हाला': कमिटी. सहाव्यातला 'आपण', पुढे 'जमूया': पुन्हा सगळे. सहा वाक्यांत तीन वेगवेगळे गट, आणि 'आपण' हा एकच शब्द दोन गटांना वापरलेला. म्हणून डोक्यात ठेवून भागत नाही, कागदावर लिहावं लागतं.

इंग्रजीला कुठे सांगावं लागतं, कुठे नाही

इथे नवशिके उलट्या टोकाला जातात. फरक कळला की प्रत्येक 'वी'ला शेपटं जोडत सुटतात: "वी, दॅट इज ऑल ऑफ अस इन्क्लुडिंग यू". असं इंग्रजी कोणी बोलत नाही. खानावळीत "आम्हाला तीन फिश थाळ्या" याचं "वी विल हॅव थ्री फिश थाळीज" पुरेसं आहे. वेटर आपल्याबरोबर जेवायला बसणार नाही हे त्याला ठाऊक आहे. खोली भाड्याने देणारीने "आम्ही सकाळी आठला नाश्ता देतो" याचं "वी सर्व ब्रेकफास्ट ॲट एट" लिहिलं तरी पाहुणा स्वयंपाकघरात मदतीला येणार नाही.

म्हणून प्रत्येक गोल केलेल्या शब्दाला एकच प्रश्न विचारा: वाचणाऱ्याने चुकीचा गट धरला तर त्याचं काही बिघडेल का? पैसे, वेळ, काम, यायचं की नाही, जबाबदारी कोणाची, यातलं काही बदलत असेल तर इंग्रजीत उघड सांगा. नाहीतर साधा 'वी' ठेवा आणि पुढे चला. वरच्या सूचनेत पहिलं वाक्य तसंच ठेवलं तरी चालेल. चौथं आणि सहावं मात्र नाही.

सांगायचं कसं

इंग्रजीकडे 'आपण'साठी स्वतंत्र सर्वनाम नाही, पण बाकीची हत्यारं बरीच आहेत.

सगळ्यात चांगलं हत्यार 'लेट्स'. "लेट्स मीट ऑन द टेरेस" यात ऐकणारा हमखास आत असतो. आपल्या 'जमूया'चं काम ते जवळजवळ तंतोतंत करतं. प्रश्नात तेच काम 'शॅल वी' करतं: "निघूया का?" म्हणजे "शॅल वी गो?" पण 'लेट्स' आणि सुटा 'लेट अस' एक नव्हेत, हे नीट बघा. "लेट्स गो" म्हणजे 'चला, जाऊया'. "लेट अस गो" याचा अर्थ 'आम्हाला जाऊ द्या' असाही होतो, आणि तेव्हा ऐकणारा बाहेर असतो, किंबहुना तोच अडवणारा असतो. चेकपोस्टवर गाडी अडवलेल्या पोलिसाला तुम्ही "लेट अस गो" म्हणाल, "लेट्स गो" म्हणालात तर तो तुमच्याबरोबर कुठे येणार? भाषणात किंवा प्रार्थनेत 'लेट अस' हे 'करूया'च्या अर्थाने येतं, तिथे ते जड आणि औपचारिक असतं. सोसायटीच्या कागदात 'लेट्स' लिहा.

'लेट्स' फक्त सुचवण्यापुरतं चालतं. "खर्च आपण करू" हे सुचवणं नाही, ठराव आहे. तिथे "लेट्स पे" लिहिलं तर कोणी देईल, कोणी देणार नाही. अशा जागी गटाचं नाव घ्या. मघाशी डोक्यावर लिहिलेली नावं इथे कामाला येतात. "द कॉस्ट विल बी शेअर्ड बाय ऑल फ्लॅट्स." यात 'वी' नाहीच, आणि वादही नाही. 'ऑल ऑफ अस' असंही लिहिता येतं, पण सही कमिटीची असेल तर 'ऑल ऑफ अस' म्हणजे सगळे कमिटीवाले असं वाचायलाही कोणी मोकळा आहे. पैशाच्या वाक्यात मी नेहमी 'ऑल फ्लॅट्स' लिहितो. दोघांचाच मामला असेल तर 'यू अँड आय' आहे, आणि 'टुगेदर' हा शब्द जोडला की बऱ्याच वाक्यांत 'वी' आपोआप ऐकणाऱ्याला आत घेतो.

'आम्ही' दाखवायला त्याहून सोपं. गटाचं नाव लिहा: 'द कमिटी', 'द देवस्थान', 'माय वाइफ अँड आय', 'अवर फॅमिली'. किंवा त्याच वाक्यात 'यू' आणा. "वी विल कॉल यू" यात 'वी'मध्ये ऐकणारा असूच शकत नाही, तो 'यू'मध्ये अडकलेला आहे. "कम विथ अस" हेही तसंच. विम्याच्या कागदांत हाच प्रकार पक्का करून ठेवलेला असतो: सुरुवातीलाच लिहितात की 'वी', 'अस' आणि 'अवर' म्हणजे कंपनी, 'यू' आणि 'युअर' म्हणजे पॉलिसी घेणारा, आणि मग शेवटपर्यंत तेच. लांबलचक पत्र असेल तर ही युक्ती उचलायला हरकत नाही. एकदा 'वी, द कमिटी' असं लिहा आणि मग त्या पत्रात 'वी' दुसऱ्या कोणासाठीही वापरू नका. एकदाही नाही.

या सगळ्यातून वरची सूचना अशी होते:

"द वॉटर टँक इन अवर बिल्डिंग विल बी क्लीन्ड ऑन संडे. द कमिटी हॅज स्पोकन टु द वर्कर्स. प्लीज स्टोअर वॉटर ॲट होम ऑन सॅटर्डे नाइट. इफ अ टँकर इज नीडेड, द कॉस्ट विल बी शेअर्ड बाय ऑल फ्लॅट्स. इफ यू हॅव एनी प्रॉब्लेम, प्लीज टेल द कमिटी. आफ्टर द वर्क, लेट्स ऑल मीट ऑन द टेरेस."

यात 'वी' एकदाही आलेला नाही, मुद्दाम टाळला म्हणून नव्हे, तर प्रत्येक जागी त्याच्यापेक्षा नेमकं काहीतरी मिळालं म्हणून. पहिल्या वाक्यात "वी हॅव टु क्लीन" काढून टाकलं, कारण मूळ मराठीत साफ कोण करणार ते सांगितलंच नव्हतं, फक्त करायची आहे इतकंच होतं. 'अवर बिल्डिंग'मधला 'अवर' ठेवला, तो कोणी कसाही वाचला तरी कोणाचं नुकसान नाही.

आमची आई, आपली आई

मालकीच्या शब्दांना थोडा वेगळा वेळ द्या, कारण तिथे इंग्रजी 'अवर' लिहूनही चुकतं. मराठीत भाऊ भावाशी बोलताना "आपल्या आईला बरं नाही" म्हणतो. शेजाऱ्याशी बोलताना "आमच्या आईला बरं नाही" म्हणतो, मग भावंडं समोर असोत नसोत. सख्ख्या भावाला कोणी "आमच्या आईला" म्हणालं तर तो चमकून बघेल, जणू त्याची आई वेगळी. इंग्रजीत शेजाऱ्याला सांगताना 'माय मदर' म्हणतात, पाच भावंडं असली तरी. आणि भावाशी बोलताना बहुधा नुसतं 'मम' किंवा 'मदर', 'अवर' लावतच नाहीत. म्हणजे आपला 'आमची' तिकडे 'माय' होतो आणि आपला 'आपली' तिकडे अदृश्य होतो.

हेच "आमचे हे"ला लागू. फोंड्याच्या बाजारात कोणीही बाई "आमच्या ह्यांना तिखट चालत नाही" म्हणेल, त्याचं इंग्रजी 'माय हजबंड'. 'अवर हजबंड' लिहिलंत तर वाचणारा इंग्रज हळूच खोलीभर नजर फिरवेल. लग्नपत्रिकेत "आमच्या येथे श्रीकृपेकरून" हा यजमानांचा 'आमच्या', आणि "आपण सहकुटुंब सहपरिवार यावे" हा पाहुण्याचा 'आपण'. एकाच कागदावर दोन्ही आहेत, पण क्रियापद इतकं स्पष्ट आहे की इथे चुकायला मेहनत लागते. पत्राच्या शेवटी 'आपला' लिहून सही करतो तो 'युअर्स', 'अवर' नव्हे, हेही त्यातच आलं.

गोव्याबद्दल लिहिताना अजून एक जागा सांभाळा. कोंकणीतला 'आमचें गोंय' आणि मराठीतला 'आमचा गोवा' यांत ऐकणाऱ्याच्या जागी फरक पडतो. कोंकणीत 'आमचें'मध्ये समोरचाही बसतो. मराठीत 'आमचा गोवा' म्हटलं की सावंतवाडीहून आलेला पाहुणा पाऊल मागे घेतो, 'आपला गोवा' म्हटलं की तो खुर्ची ओढून बसतो. इंग्रजीत दोन्ही 'अवर गोवा'. पर्यटकांसाठीच्या पत्रकात मूळ कोणता होता ते बघा. 'आमचा' असेल आणि त्यामागे "इथले नियम आम्ही ठरवतो" असा सूर असेल, तर "पीपल हिअर" किंवा "गोवन्स" असं लिहिलेलं प्रामाणिक. 'आपला' असेल तर "द गोवा वी ऑल शेअर" अशा वळणाने तो मोकळेपणा आणता येतो.

उलट वाट: इंग्रजीतून मराठीत

कधीतरी उलटं काम येतं, आणि ते जास्त कठीण असतं, कारण इंग्रजी 'वी' गप्प बसू शकतो, मराठी बसू शकत नाही. हॉटेलच्या मॅनेजरचं पत्र येतं: "वी हॅव टु वर्क हार्डर धिस सीझन." मराठीत "आपल्याला जास्त काम करावं लागेल" की "आम्हाला"? पहिल्यात मॅनेजर स्वतःही कामाला जुंपून घेतो. दुसऱ्यात वरची मंडळी आपल्यापुरती चिंता करत आहेत, कामगारांनी निवांत ऐकावं. आणि कामगार जाणतात तो तिसरा अर्थ, "तुम्हाला". मॅनेजरला एका ओळीत विचारा. तो स्वतः आत आहे की नाही. उत्तर देताना तो थोडा वेळ घेईल, कारण इंग्रजीने त्याला हा प्रश्न कधी विचारलेलाच नसतो.

या बाबतीत आपण एकटे नाही. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' आहेत, तमिळ, तेलुगू, मल्याळममध्येही हा भेद आहे. संस्कृतात नव्हता आणि हिंदीतला 'हम' दोन्हीकडे चालतो, म्हणून मराठी-गुजरातीत तो द्राविडी शेजाराने आला असावा असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आमच्याकडचा 'आपण' मुळात संस्कृत 'आत्मन्'मधून आलेला, 'स्वतः' या अर्थाचा, आणि अजून त्याच्या अंगावर ते जुनं काम आहेच: 'आपली चप्पल'. सगळ्यात गंमत पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिनची. ती भाषा इंग्रजी शब्दांच्या मालावर उभी राहिली, पण तिथल्या लोकांना 'वी' अपुरा पडला, तेव्हा त्यांनी 'यू' आणि 'मी' जोडून 'युमी' केला ऐकणाऱ्याला धरणारा, आणि 'मी' आणि 'फेलो' जोडून 'मीपेला' केला त्याला वगळणारा. म्हणजे इंग्रजी शब्दांनी हे होत नाही असं नाही, इंग्रजांना गरज पडली नाही इतकंच.

शेवटचं वाचन

इंग्रजी तयार झालं की मराठी कागद उलटा घालून ठेवा आणि इंग्रजी वाचा, पण स्वतः म्हणून नव्हे. तिसऱ्या मजल्यावरचा, मराठी न येणारा, कालच राहायला आलेला भाडेकरू म्हणून वाचा. प्रत्येक 'वी', 'अस', 'अवर' वर बोट ठेवून विचारा: यात मी आहे का? उत्तर लगेच मिळालं तर पुढे. "बहुतेक" असं मिळालं तर ते वाक्य अजून झालेलं नाही.

आणि एक अवघड प्रकार शेवटी. कधी मूळ मराठीतच कोणी माणूस दिसत नाही: "दुरुस्तीचा खर्च फ्लॅटवाल्यांकडून घ्यायचे ठरले आहे." कोणी ठरवलं? कमिटीने की सर्वसाधारण सभेत सगळ्यांनी? कधी हे नुसतं सवयीने लिहिलेलं असतं, कधी मुद्दाम. इंग्रजीतही 'इट हॅज बीन डिसायडेड' असं तसंच झाकून लिहिता येतं, आणि अनुवादक म्हणून तुम्ही तसंच लिहाल, कारण न लिहिलेला 'आम्ही' किंवा 'आपण' तुमच्या मनाने घालणं तुमचं काम नाही. पण कागद परत देताना सेक्रेटरीला विचारून ठेवा, हे आम्ही ठरवलं की आपण. भाडेकरू तेच विचारायला येणार आहे, आणि इंग्रजीत विचारताना त्याला दोन लांब वाक्यं लागतील.